नेट वारंवार जातं तेव्हा कंपनीला नेमकं काय लिहायचं

प्रश्न: घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. फायबरचं नेट घेतलं, पण दोन-अडीच महिन्यांपासून आठवड्यातून एक-दोनदा जातंच. तक्रार केली की दोन-तीन तासांत येतं, तक्रार बंद होते अन् चार दिवसांनी परत तेच. लाईनमन ओळखीचा आहे, चांगला माणूस आहे, त्याच्याशी भांडायचं नाही. पण कंपनीला कडक लिहायचं आहे. कसं लिहू?

उत्तर:

मी विदर्भात आधी फायबरच्या लाईनवर काम केलं आणि नंतर बरीच वर्षं तक्रारी जिथे येतात त्या टेबलावर बसलो. त्यामुळे आधी तुमची तक्रार पलीकडच्या माणसाला कशी दिसते ते सांगतो. पत्राची भाषा त्यावरूनच ठरते.

तुम्ही फोन केला की तिकडे एक तिकीट उघडतं. नेट आलं की ते बंद होतं. उघडल्यापासून बंद होईपर्यंत तीन तास लागले असतील तर कंपनीच्या हिशेबात ते उत्तम काम ठरतं. चार दिवसांनी तुमचं दुसरं तिकीट येतं, तेही तीन तासांत बंद होतं. दोन्ही वेगळी, दोन्ही वेळेत सुटलेली. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नियमसुद्धा बिघाड किती वेळात दुरुस्त झाला, हे बघतात आणि बिघाड अनेक दिवस लांबला तरच भाड्यातल्या सवलतीचा प्रश्न येतो. याचा परिणाम असा की ज्याचं नेट एकदाच सलग पाच दिवस बंद पडलं त्याचं नाव वरच्या साहेबांच्या यादीत जातं, आणि ज्याचं महिन्यात आठ वेळा दोन-दोन तास गेलं त्याचं नाव कुठेच जात नाही. तुम्ही त्या दुसऱ्या प्रकारात आहात. कडक शब्दांत नववं तिकीट टाकलं तरी तेही तीन तासांत बंदच होणार.

म्हणून पत्राचा विषय ‘नेट गेलं’ असा ठेवू नका. विषय असा हवा की या सगळ्या वेळा एकाच कारणाने आल्या आहेत आणि त्या कारणाला अजून कोणी हात लावलेला नाही. हे नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी पत्र लिहायच्या आधी दोन-तीन आठवडे नोंद ठेवावी लागेल. घाई असेल तर आजपर्यंतचे तिकीट क्रमांक मेसेजमधून काढून घ्या. तारखा आणि तक्रारीच्या वेळा तरी त्यातून मिळतील.

नोंदीत काय हवं

भिंतीवर फायबर ज्या डब्यात येतं, त्यावर पॉन आणि एलओएस अशी नावं असलेले दिवे असतात. नेट गेल्याबरोबर सर्वात आधी त्यांचा फोटो काढा. एलओएस लाल झाला असेल तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. पॉन हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर गावापर्यंतची तार ठीक आहे. अडचण त्याच्या पुढे, कंपनीच्या वरच्या जोडणीत किंवा तुमच्या खात्याच्या लॉगिनमध्ये आहे. दोन्हींची दुरुस्ती करणारी माणसंच वेगळी असतात, त्यामुळे हा एक फोटो दहा ओळींचं काम करतो.

दुसरी गोष्ट, त्याच कंपनीचं नेट असलेल्या दोघांना फोन करून विचारा. एक तुमच्या गल्लीतला, एक गावाच्या दुसऱ्या टोकाचा. तुमचं एकट्याचं गेलं, गल्लीचं गेलं की गावाचं गेलं, हे त्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट लोक कधीच लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वात मोलाची आहे: नेट परत आलं ते कोणी येऊन काही केल्यावर, की आपोआप? तुटलेली फायबर स्वतःहून जुळत नाही. त्यासाठी स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस यावाच लागतो. गावाचं नेट दोन तास गेलं आणि कोणी न येता परत आलं, तर तार तुटलेली नव्हती. मग तिकिटावर ‘फायबर कट, दुरुस्त’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते कारण चुकीचं आहे हे तुम्ही शांतपणे दाखवू शकता.

या तिन्हींवरून बहुतेक वेळा कारण ओळखता येतं. अख्ख्या गावाचं जातं आणि आपोआप येतं, तर ज्या ठिकाणाहून तुमच्या गावाला फायबर निघते त्या नोडची वीज किंवा त्याच्या वरची जोडणी बघायला हवी. गावाचं जातं आणि माणूस आल्यावरच येतं, तर खरोखर तार तुटते आहे. मग विचारायचं की दरवेळी त्याच जागी का? आपल्याकडे तार विजेच्या खांबांवरून नेलेली असते आणि रस्ता ओलांडताना खाली झोळ खाते. सोयाबीनचं कुटार नाहीतर कापूस उंच भरलेली ट्रॉली तिथून गेली की तार ओढली जाते. लाईनमन येतो, जोड मारतो, पण तारेची उंची तेवढीच राहते. आणि तुमच्या एकट्याचं किंवा दोन-तीन घरांचंच जात-येत असेल, तर एखादा जोड कमजोर झाला आहे, त्यात पाणी शिरलं आहे किंवा तार कुठेतरी जास्त वाकली आहे.

या शेवटच्या प्रकारात तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद सांगणारा एक आकडा कामाला येतो. राउटरच्या पानावर `Rx Power` किंवा तशा नावाने तो दिसतो. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक. घरगुती फायबरचे बहुतेक डबे उणे २७ च्या आसपास तग धरेनासे होतात. हा आकडा तीनने खाली आला की प्रकाश निम्मा झाला असं समजा. कोरड्या दिवशी उणे २२ आणि पावसात उणे २६ दिसत असेल, तर जोडात पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी, आणि ते पत्रात तसंच लिहा.

केंद्रातला संगणक दिवसभर चालूच असतो, तर त्यालाही नोंद ठेवायला लावा. विंडोजमध्ये `PowerShell` उघडून हे टाका:

```
while ($true) {
  $a = Test-Connection 192.168.1.1 -Count 1 -Quiet
  $b = Test-Connection 8.8.8.8 -Count 1 -Quiet
  "$(Get-Date -Format 'yyyy-MM-dd HH:mm') $a $b" | Add-Content D:\net.txt
  Start-Sleep 60
}
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, तो वेगळा असेल तर बदलून घ्या. दुसरा बाहेरचा. साधारण दर मिनिटाला एक ओळ फाईलमध्ये पडते. `True False` म्हणजे राउटर जिवंत आहे, बाहेरचं जग नाही. `False False` म्हणजे तुमच्याच खोलीतलं काहीतरी बंद आहे, आणि तो वेळ कंपनीच्या माथी मारू नका. एखाद-दुसरी `False` सोडून द्या. तीन-चार ओळी सलग आल्या तरच ती खंडित सेवा धरा. संगणक राउटरला तारेने जोडलेला असावा, नाहीतर वायफायची गडबडही यात मोजली जाईल. आणि राउटर व फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. ते नसतील तर ‘तुमच्याकडेच लाईट नव्हती’ हे कंपनीचं उत्तर तयार असतं आणि ते खोडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

एक प्रकरण

माझ्या ओळखीच्या एका कृषी केंद्रवाल्याचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर नोंदवल्याशिवाय करता येत नाही, आणि नेट गेलं की समोर कास्तकारांची रांग ताटकळत राहायची. त्याच्या फोनवर तिकिटं बंद झाल्याचे मेसेज होते आणि त्यांत कारण म्हणून कधी ‘फायबर कट’ तर कधी ‘ग्राहकाकडे वीज नाही’ असं काहीही असायचं.

आम्ही ऑगस्टची नोंद मांडली. सहा वेळा नेट गेलं होतं, सगळं मिळून १५ तास. सहाही वेळा एलओएस लाल, सहाही वेळा गावातल्या सगळ्यांचं गेलेलं, आणि एकदाही कोणी दुरुस्तीला आलं नव्हतं. म्हणजे तार तुटलेली नव्हती. नोड दुसऱ्या गावात होता, दुसऱ्या फिडरवर. तिथल्या एका दुकानदाराला विचारून त्या गावातली लाईट कधी गेली-आली ते लिहून घेतलं, आणि चित्र स्वच्छ झालं. तीन तारखेला तिथली लाईट ११ वाजता गेली होती आणि आपलं नेट ११:४० ला. एकोणतीस तारखेला लाईट ११:५० ला गेली आणि नेट १२ ला. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला नोडची बॅटरी चाळीस मिनिटं तग धरत होती, शेवटी दहा. लाईट आल्यावर चार-पाच मिनिटांत नेट परत यायचं, कारण यंत्र पुन्हा सुरू व्हायला तेवढा वेळ लागतो. बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या. लाईनमनला हे बहुतेक ठाऊक असावं, पण बॅटरी विकत घेण्याचा अधिकार त्याचा नसतो.

त्या नोंदीवरून जे पत्र गेलं, ते थोडं बदलून देतो. नावं-क्रमांक तुमचे घाला.

> विषय: ग्राहक क्र. ……: एकाच कारणाने वारंवार सेवा खंडित; कारण शोधून कायमची दुरुस्ती करण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी ……, मु. पो. ……, ता. ……. वरील क्रमांकाची फायबर जोडणी माझ्या कृषी केंद्रात आहे. बिल वेळेवर भरलेलं आहे.
>
> १ ते ३१ ऑगस्ट या काळात सेवा पुढीलप्रमाणे सहा वेळा बंद पडली:
>
> ३ ऑगस्ट, ११:४० ते १:५५ (तिकीट ……)
> ७ ऑगस्ट, १२:१० ते ३:२० (तिकीट ……)
> १२ ऑगस्ट, १०:५० ते १२:३५ (तिकीट ……)
> १९ ऑगस्ट, १:०५ ते ४:१५ (तिकीट ……)
> २४ ऑगस्ट, ११:२० ते १:३० (तिकीट ……)
> २९ ऑगस्ट, १२:०० ते २:३० (तिकीट ……)
>
> एकूण १५ तास. हे सर्व तास दुकानाच्या वेळेतले, म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांमधले आहेत. दुकानाच्या महिन्यातल्या २०८ तासांपैकी सात टक्क्यांहून अधिक वेळ सेवा नव्हती.
>
> सहाही वेळा माझ्याकडे वीज सुरू होती, फायबरच्या डब्यावर एलओएस दिवा लाल होता आणि गावातील इतर ग्राहकांचीही सेवा बंद होती. कोणतीही दुरुस्ती न होता सेवा आपोआप सुरू झाली. याच वेळी नोड असलेल्या गावात वीज नव्हती, आणि तेथील वीज आल्यावर काही मिनिटांत सेवा परत आली. फोटो व नोंदी सोबत जोडल्या आहेत.
>
> सर्व तिकिटं वेगवेगळी बंद करण्यात आली आणि त्यांवर वेगवेगळी कारणं दिली आहेत. नोंदींवरून कारण एकच दिसतं. नोडवरील बॅटरी-बॅकअप तपासावा, अशी विनंती आहे. आपले स्थानिक तंत्रज्ञ प्रत्येक वेळी फोनला प्रतिसाद देतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.
>
> माझी मागणी अशी:
> वरील सहाही तिकिटं एकत्र धरून मूळ कारण मला लेखी कळवावं. कायमची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते सात दिवसांत कळवावं. आणि ही तक्रार माझ्याशी फोनवर बोलून खात्री केल्याशिवाय बंद करू नये.
>
> सात दिवसांत उत्तर न मिळाल्यास मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे अपील करीन.
>
> आपला,
> ……

या पत्रात काय आहे ते तुम्ही वाचलंच. काय मुद्दाम ठेवलेलं नाही, ते सांगतो.

‘नेहमी’, ‘सतत’, ‘कित्येकदा’, ‘वैतागलो’ हे शब्द नाहीत. ‘नेहमी जातं’ असं लिहिलं की वाचणारा मनात म्हणतो, काल तर चालू होतं. ‘१९ ऑगस्ट, १:०५ ते ४:१५’ याला तसं उत्तर देता येत नाही. त्याला स्वतःची नोंद उघडून बघावीच लागते, आणि ती तुमच्या नोंदीशी जुळते. पत्राचा कडकपणा इथून येतो. रागाचं वाक्य टाकलं की टेबलावरचा माणूस पत्र बाजूला ठेवतो आणि ‘ग्राहक नाराज, समजूत काढली’ असा शेरा मारतो. अशा शेऱ्यांची तिकिटं मी पुष्कळ पाहिली आहेत. समजूत काढली गेली की तक्रार संपली असं यंत्रणा मानते.

कारण सांगताना पत्र आरोप करत नाही. जे डोळ्यांनी दिसलं ते ठामपणे लिहिलं आहे: दिवा लाल होता, वीज होती, कोणी आलं नाही. बॅटरी मात्र ‘तपासावी’ असं म्हटलं आहे. तुमचा अंदाज चुकला तर बाकीच्या खऱ्या गोष्टीही त्याच्यासोबत वाहून जाऊ नयेत, म्हणून ही काळजी. समजा बॅटरी ठीक असून नोडचा पॉवर सप्लाय गेलेला असेल, तरी हे पत्र तितकंच खरं राहतं.

टक्केवारीही विचार करून घेतली आहे. ऑगस्टचे एकूण तास ७४४. त्यांपैकी १५ गेले, म्हणजे कंपनीच्या तोंडून ‘९८ टक्के सेवा सुरू होती’ असं येईल आणि ते ऐकायला बरंच वाटतं. पण रात्री दोन वाजता नेट चालू असून कृषी केंद्राला काय उपयोग? म्हणून हिशेब दुकानाच्या तासांवर मांडायचा. तुमच्या केंद्राचाही तसाच मांडा. जुलैअखेरीस पीकविम्याची गर्दी असताना नेट गेलं असेल, तर त्या तारखा ठळक करा आणि त्या दिवशी किती अर्ज परत पाठवावे लागले ते रजिस्टरवरून लिहा. अंदाजाने ‘हजारोंचं नुकसान’ लिहू नका.

नुकसानभरपाई मागितलेली नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. हिशेब करून बघा: महिन्याला ९९९ रुपयांच्या प्लॅनवर १५ तासांचे सुमारे वीस रुपये होतात. ते मागितले की कंपनी आनंदाने पन्नास देते, ‘सवलत दिली, ग्राहक समाधानी’ लिहिते, आणि बॅटरी जिथे होती तिथेच राहते. तुम्हाला नोड दुरुस्त करून हवा आहे. पैशांचा मुद्दा हवाच असेल तर दुरुस्ती झाल्यानंतर वेगळ्या मेलने काढा.

आणि लाईनमनबद्दलचं ते एक वाक्य. ते सौजन्याचं आहेच, शिवाय खरं आहे. ते नसेल तर वरून पहिला फोन त्यालाच जातो आणि दोष त्याच्यावर ढकलून प्रकरण मिटवलं जातं. पत्र पाठवण्याआधी त्याला चहाला बोलावून दाखवा. ‘भाऊ, तुझ्याविरुद्ध काही नाही, हे वर जाऊ दे’ म्हणा. बहुतेक लाईनमन खूश होतात, कारण नवी बॅटरी मागून ते स्वतःच दमलेले असतात. नोड कुठे आहे, कोणत्या फिडरवर आहे, हेही तोच सांगेल.

पाठवायचं कुठे

तुमच्या बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे, तिला. गावात जोडणी देणारा पुष्कळदा केबलवाला किंवा फ्रँचायझी असतो. त्याला प्रत द्या, पण मुख्य पत्र परवानाधारक कंपनीच्या तक्रार केंद्राकडे मेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. हा क्रमांक नसेल तर पुढची पायरी चढताच येत नाही. बिलच मिळत नसेल, नुसती वहीत सही करून पैसे घेत असतील, तर आधी पक्कं बिल मागा. ते मिळेपर्यंत वर कोणाकडे दाद मागायची, हाच प्रश्न राहील.

तक्रार केंद्राने दाद दिली नाही, किंवा काही न करता बंद केली, तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण असतं. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी ते ठेवणं बंधनकारक आहे. अपिलाला शुल्क नाही, ते तीस दिवसांच्या आत करायचं असतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याचा पत्ता आणि मेल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. अपिलात नवीन काही लिहू नका. तेच पत्र, त्यावर काय उत्तर आलं किंवा आलं नाही, आणि पत्रानंतर नेट पुन्हा गेलं असेल तर त्या तारखा, इतकंच. अपील बघणारी माणसं दुसऱ्या राज्यातही बसलेली असू शकतात, म्हणून मराठी पत्राच्या वर पाच-सहा ओळींत इंग्रजी किंवा हिंदी सारांश द्या. तारखांची यादी कोणालाही वाचता येते.

त्याच्याही पुढे दूरसंचार विभागाची तक्रार यंत्रणा आहे, तिचा क्रमांक १०६३. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद करता येते. ट्रायला थेट लिहून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की दूरसंचार सेवेची तक्रार तिथे चालते. पण जोडणी व्यावसायिक कामासाठी घेतली असेल तर कंपनी त्यावर हरकत घेते, आणि स्वतः राबून पोट भरण्यासाठीचं काम वेगळं, हा मुद्दा तुम्हाला मांडावा लागतो. हे प्रकरणागणिक बदलतं, त्यामुळे तिथे जायचं ठरलं तर एकदा वकिलाला कागद दाखवा. पहिल्याच पत्रात मात्र आयोगाची धमकी देऊ नका. तसं केलं की पत्र तांत्रिक विभागाकडून उठून कायदा विभागाकडे जातं आणि तिथे बॅटरी बदलणारं कोणी नसतं. वरच्या नमुन्यात फक्त पुढची पायरी, अपील, सांगितली आहे. ती तुम्ही खरंच चढणार असाल तरच लिहा, आणि आठव्या दिवशी चढा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचा प्लॅन घरगुती असेल, तर किती टक्के सेवा सुरू राहील याचं लेखी वचन बहुधा नसतं, आणि ‘करारभंग’ असा शब्द वापरायला आधार नाही. व्यावसायिक प्लॅन असेल तर करार काढून बघा. त्यात टक्केवारी लिहिलेली असली तर ती पत्रात पहिल्या परिच्छेदात घ्या. दुसरं, नोडच्या गावातली लाईटच दिवस-दिवस जात असेल, तर चांगली बॅटरीही काही तासांनंतर हात टेकते. अशा ठिकाणी जनरेटर किंवा दुसरा फिडर लागतो, आणि कंपनी सहा-आठ ग्राहकांसाठी तो खर्च सहसा करत नाही. तिथे एकट्याने पत्र लिहू नका. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, दवाखाना, ज्यांचं नेट त्याच नोडवरून येतं, त्या सगळ्यांनी आपापले ग्राहक क्रमांक घालून एकाच नोंदीवर सह्या कराव्यात. कंपनी खर्चाचा निर्णय नोडनिहाय घेते, ग्राहकनिहाय नाही.

‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला की काय करायचं, हे शेवटचं. लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. मेलला उत्तर द्या: ‘नेमकं काय बदललं ते कळवावं. पुढील तीस दिवसांची नोंद मी ठेवत आहे, त्यानंतर तक्रार बंद करण्यास माझी हरकत नसेल.’ त्या कृषी केंद्राच्या बाबतीत पहिलं उत्तर ‘लाईन तपासली, ठीक आहे’ असं आलं होतं. त्याला आम्ही एवढंच विचारलं की बॅटरी-बॅकअप किती मिनिटं मिळाला ते मोजलं का. दुसरं उत्तर यायला वेळ लागला, पण त्यात बॅटरीचा संच बदलल्याची तारीख होती. पुढच्या वेळी नोडच्या गावातली लाईट गेली, तेव्हा दुकानदाराने फोन करून वेळ सांगितली आणि यांनी घड्याळ लावलं. दोन तासांनी लाईट आली, तोवर नेट चालूच होतं. ती वेळ लिहून त्यांनी तक्रार बंद करायला संमती दिली.

तुम्ही सध्या दिव्यांचे फोटो आणि शेजाऱ्यांची विचारपूस एवढं सुरू करा. दोन वेळा नेट गेल्यावर काय दिसलं ते इथे लिहा, म्हणजे पत्रात कारण म्हणून काय तपासायला सांगायचं ते ठरवू.